खेळ न खेळणाऱ्याने १२० हर्ट्झ आणि २४० टच सॅम्पलिंगसाठी जास्त पैसे मोजावेत का?

निवृत्त_मास्तरीण
नमस्कार. मला नवीन फोन घ्यायचा आहे आणि १४,००० रुपयांच्या पुढे जायचे नाही. सीताबर्डीच्या एका दुकानात दोन फोन पाहिले. पहिला १२,५०० चा असून त्याचा रिफ्रेश रेट ९० हर्ट्झ आहे. दुसरा १५,८०० चा असून त्याच्या खोक्यावर १२० हर्ट्झ आणि २४० हर्ट्झ टच सॅम्पलिंग असे ठळक छापले आहे. विक्रेत्याने दुसऱ्याचा पडदा वरखाली सरकवून दाखवला आणि तोच घ्या असा आग्रह धरला. मी एकही खेळ खेळत नाही. सकाळी ई-पेपर वाचते, बोट घसरवत मराठीत लांबलचक संदेश लिहिते, पुण्याच्या मुलीशी व्हिडिओवर बोलते आणि कधी रेल्वेचे तिकीट काढते. सध्याच्या फोनवर लिहिताना मधूनच भलतीच अक्षरे उमटतात, तो त्रास नव्या फोनमध्ये नको आहे. या दोन आकड्यांचा माझ्या कामाशी नेमका काय संबंध आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

वर्धा_रोड_वासी
ताई, चौदा हजारांत फोन घेणे म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा याच प्रश्नावर येणे होय. मी गेल्या दिवाळीत १४४ हर्ट्झचा फोन ३८,००० ला घेतला आणि आता मित्राचा साधा फोन हातात घेतला तरी तो अडखळतो आहे असे वाटते. थोडे थांबा, पैसे साठवा आणि एकदाच चांगली वस्तू घ्या.

खामलेकर
वरील सूचना मूळ प्रश्नाला धरून नाही. ताईंनी १२० चाच घ्यावा, कारण चित्रपटसुद्धा त्यावर दुप्पट सुरळीत दिसतात. राहिला टच सॅम्पलिंगचा प्रश्न, तर तो आकडा स्पर्शाचा अचूकपणा सांगतो. २४० असेल तर बोट जिथे टेकले तेच अक्षर उमटते आणि १२० असेल तर शेजारचे उमटण्याची शक्यता राहते. तुमचा लिहिण्याचा त्रास नेमका यामुळेच आहे.

सदरचा_दुरुस्तीवाला
खामलेकरांचे पहिले वाक्य थोडे बरोबर आहे आणि दुसरे बरोबर नाही. पडदे बदलणे हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने चित्र काढू शकतो तो आकडा. ६० ला प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद तसेच राहते, ९० ला सुमारे ११ आणि १२० ला सुमारे ८. पडद्यावर काहीच हलत नसेल, तर या तिन्हींत डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. ताई ई-पेपरचे पान स्थिर ठेवून वाचत असतील, तर त्या वेळी १२० चे पैसे वाया जातात. फरक पडतो तो पान सरकत असताना.

समजा तुम्ही पान सेकंदाला हजार पिक्सेल या वेगाने सरकवत आहात. नेहमीच्या फोनवर हा वेग सेकंदाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर पडतो, म्हणजे मथळे चाळण्याचा साधा वेग. डोळा मजकुराच्या मागे सलग फिरतो, पण पडद्यावरचे चित्र मात्र टप्प्याटप्प्याने उडी मारते. ६० हर्ट्झवर अक्षर साधारण १७ पिक्सेल फराटल्यासारखे दिसते, ९० वर ११ आणि १२० वर ८. मराठीत याचा त्रास जास्त जाणवतो, कारण आपला अनुस्वार हा अवघ्या काही पिक्सेलांचा ठिपका असतो. ६० वर सरकत्या मजकुरात ‘मदिर’ आणि ‘मंदिर’ यांतला भेद थांबल्याशिवाय कळत नाही, ९० वर बऱ्यापैकी कळू लागतो. ६० वरून ९० ला जाताना सहा पिक्सेल वाचतात आणि ९० वरून १२० ला जाताना तीनच. खेळ न खेळणाऱ्याला पहिल्या टप्प्यातच बहुतेक लाभ मिळून जातो.

चित्रपटाचे म्हणाल, तर तो सेकंदाला २४ चित्रांचाच असतो. १२० चा पडदा नवी चित्रे निर्माण करत नाही, तो प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवतो. ६० वर २४ चा नेमका भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा दाखवावे लागते. कॅमेरा संथ फिरत असताना त्यामुळे किंचित अडखळ जाणवते. दुप्पट सुरळीत होणे ही निराळी गोष्ट आहे.

इतवारीचा_जुना_ग्राहक
एवढी चर्चा झाली, पण डोळ्यांविषयी कोणी बोलत नाही. माझ्या १२० हर्ट्झच्या फोनने रात्री अर्धा तास वाचले की डोळे चुरचुरतात आणि कपाळ ठणकते. रिफ्रेश रेट जास्त असला की डोळ्यांना आराम मिळतो, असे मला दुकानात सांगितले गेले होते. ताईंनी असल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

सदरचा_दुरुस्तीवाला
तुमचा त्रास खरा असेल, पण तो बहुधा निराळ्या कारणाचा आहे. अनेक ओएलईडी पडदे रात्रीचा उजेड कमी करण्यासाठी प्रकाश अतिवेगाने चालू-बंद करतात आणि काही लोकांना ते सोसत नाही. रिफ्रेश रेट ६० केला तरी ते लुकलुकणे आपोआप थांबेल असे नाही. खोलीत दिवा लावून पडद्याची चमक वाढवून पाहा. चुरचुरणे कमी झाले, तर कारण सापडले असे समजा.

वर्धा_रोड_वासी
म्हणूनच मी म्हणालो होतो की महागडा फोन घ्यावा. माझ्या १४४ च्या फोनवर असा कोणताही त्रास होत नाही.

हनुमाननगरची_गृहिणी
मी १२० चा फोन घेतला आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरेनाशी झाली. शेवटी मुलाने तो ६० वर ठेवला आणि तेव्हापासून बॅटरी रात्रीपर्यंत टिकते. फरक मला पहिल्या दिवशीही कळला नव्हता. ताईंनी सरळ १२,५०० चा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगले कव्हर घ्यावे.

निवृत्त_मास्तरीण
सर्वांचे आभार. अनुस्वाराचे उदाहरण लगेच पटले, कारण मथळे चाळताना मला नेहमी थांबावे लागते. परंतु टच सॅम्पलिंगबद्दल अजून उलगडा झाला नाही. माझी अक्षरे चुकतात ती त्यामुळे की नाही? एक गोष्ट सांगते, फोन चार्जिंगला लावलेला असताना हा त्रास अधिक होतो आणि मे महिन्यात तर लिहिणेच नकोसे होते.

सदरचा_दुरुस्तीवाला
ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच बरेचसे उत्तर आले आहे.

टच सॅम्पलिंग म्हणजे काचेखालची जाळी सेकंदाला किती वेळा बोटाचा ठाव घेते तो आकडा. १२० असेल तर दोन तपासण्यांमध्ये सुमारे ८ मिलिसेकंद जातात आणि २४० असेल तर सुमारे ४. स्पर्श या मधल्या वेळेत कुठेही होऊ शकतो, म्हणून सरासरी वाट अनुक्रमे ४ आणि २ मिलिसेकंद पाहावी लागते, म्हणजे बचत अवघ्या २ मिलिसेकंदांची. स्पर्शापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा एकूण वेळ मात्र कित्येक दशक मिलिसेकंदांचा असतो, कारण अॅपला चित्र तयार करायचे असते आणि ते दाखवायला पडद्याची पुढची पाळी यावी लागते. त्यात दोनने फरक पडल्याचे संदेश लिहिणाऱ्याला जाणवणार नाही. नेम धरून गोळी झाडणाऱ्या खेळाडूला कदाचित जाणवेल.

आता घसरवत लिहिण्याचे पाहू. बोट सेकंदाला १० सेंटिमीटर फिरले, तर १२० तपासण्यांमध्ये दोन ठिपक्यांत सुमारे ०.८ मिलिमीटर अंतर पडते. कळफलकावरची कळ सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे एवढे ठिपके शब्द ओळखायला भरपूर होतात. अचूकपणा हा या आकड्याचा विषयच नाही. बोट कुठे टेकले हे किती नीट कळते, ते जाळीची रचना, तिच्यातला विद्युत गोंगाट आणि काचेवरचा घाम यांवर अवलंबून असते.

चार्जिंगच्या वेळी त्रास वाढतो, याचा अर्थ स्वस्त चार्जरचा गोंगाट जाळीपर्यंत पोहोचत असावा. चार्जर काढून तोच शब्द लिहून पाहा. अक्षरे सुधारली, तर दोष चार्जरचा किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा धरावा. घामाने ओले बोट आणि जाड स्क्रीनगार्ड ही उरलेली दोन कारणे, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पहिले कारण टळत नाही. यातले काहीही २४० च्या आकड्याने सुटत नाही. शिवाय काही खोक्यांवरचा सॅम्पलिंगचा मोठा आकडा फक्त गेम मोडमध्येच लागू होतो, हेही विचारून घ्यावे.

दुकानात तपासायचे असेल, तर सेटिंगमध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारा, म्हणजे Developer options उघडते. तिथे Show refresh rate चालू केले की बहुतेक फोनवर कोपऱ्यात चालू आकडा दिसतो. मग एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडून भराभर सरकवा. आकडा १२० दाखवत असूनही पान झटके देत असेल, तर त्या फोनचा प्रोसेसर आठ मिलिसेकंदांत चित्र पुरे करू शकत नाही. स्वस्त फोनमध्ये हे पुष्कळदा घडते आणि अशा १२० पेक्षा सलग चालणारे ९० डोळ्याला बरे वाटते. Developer options मध्येच Pointer location चालू करून बोटाने सावकाश रेघ ओढा. रेघ थरथरली, तर स्पर्शाची जाळी सुमार आहे.

माझे मत विचाराल, तर १२,५०० चा घ्या.

खामलेकर
२४० चा फायदा शून्य आहे असे मी मानत नाही. माझ्या भावाच्या फोनवर लिहिताना स्पष्ट फरक जाणवतो. प्रत्येक अनुभव आकडेमोडीत बसत नसतो.

सदरचा_दुरुस्तीवाला
भावाच्या फोनवर प्रोसेसर कोणता आहे, काचेवर गार्ड आहे का आणि त्याचा रिफ्रेश रेट किती आहे, हे कळल्याशिवाय श्रेय २४० ला देता येणार नाही.

निवृत्त_मास्तरीण
काल यजमानांसोबत पुन्हा बर्डीवर जाऊन आले. चार्जर काढून लिहिले, तेव्हा जुन्या फोनवरची चूक जवळजवळ थांबली, म्हणून चार्जर तेवढा बदलला. दुकानात दोन्ही फोनवर एकच पान सरकवले. १२० च्या फोनवर आकडा टिकून होता आणि झटकेही नव्हते, पण ९० च्या पानापेक्षा वेगळेपण मला सांगता आले नाही. यजमानांना मात्र ते दिसत होते आणि त्यांनी दोनदा सांगूनही दाखवले.

तरीही १५,८०० चाच घेतला. दुकानाबाहेर रस्त्यावर दुपारच्या उन्हात दोन्ही धरून पाहिले, तेव्हा ९० च्या फोनवर ई-पेपर मुळीच वाचता येत नव्हता आणि दुसऱ्यावर मथळाच नव्हे तर खालची बारीक ओळही दिसत होती. घरी आल्यावर तो ६० वर करून ठेवला आहे, कारण हनुमाननगरच्या ताईंचे बॅटरीचे म्हणणे मनात राहिले. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा १,८०० रुपये जास्त गेले, ते मी उन्हात दिसणाऱ्या पडद्याच्या खात्यात मांडले आहेत.

सदरचा_दुरुस्तीवाला
पडद्याची चमक हे उत्तम कारण आहे, पण ६० वर ठेवलात तर तुमचा अनुस्वार पुन्हा फराटेल. सेटिंगमध्ये आपोआप बदलणारा रिफ्रेश रेटचा पर्याय असेल, तर तो निवडून पाहा. स्थिर पानावर बहुतेक फोन स्वतःच आकडा खाली आणतात.

वर्धा_रोड_वासी
एवढ्या चर्चेनंतर १५,८०० चा फोन घेऊन तो ६० वर चालवायचा, हे मला काही पटलेले नाही.