लग्नानंतर सीव्हीवर कुठलं नाव? डिग्री एका नावाची, आधार दुसऱ्या

मेघना_क: माझी बीईची डिग्री (२०१६) आणि पहिल्या कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर 'मेघना सुरेश पाटील' या नावाने आहे. २०२० ला लग्न झालं, आधार आणि बँक 'मेघना राहुल चव्हाण' करून घेतलं, पॅन आणि पीएफ अजून जुन्याच नावावर. सीव्हीवर चव्हाण लिहिलं होतं. आता नवीन कंपनीची ऑफर आलीये आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरायचाय. नक्की कुठलं नाव टाकू?

स्वाती_नाशिक: मुळात बदललंच कशाला गं? नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. मी लग्नाला अकरा वर्षं झाली तरी माहेरचंच नाव लावते, एकदाही कुठे अडलं नाही. सरळ आधार परत पाटील करून टाक, सगळा घोळच संपेल.

अभिजित (एचआर, पुणे): स्वातीताई, कोणी नाव बदललंच नसेल तर तुमचा सल्ला एकदम बरोबर, पण मेघनाने आधार परत फिरवण्याआधी एक लक्षात घ्यावं, आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी गेली. आता पाटील केलं आणि पुढे कधी एखादी स्पेलिंगची चूक निघाली तर खूप पळापळ होते.

आता सीव्हीचं. आम्ही व्हेरिफिकेशनला देतो तेव्हा एजन्सी डिग्रीची कॉपी आणि सीट नंबर विद्यापीठाकडे पाठवते आणि तिथे रेकॉर्डला पाटीलच आहे. आमच्याकडे फॉर्ममध्ये फक्त चव्हाण असेल तर रिपोर्टमध्ये 'नाव जुळत नाही' असा शेरा पडतो आणि जॉइनिंग लांबतं. म्हणून वर आधारवरचं नाव ठेवा आणि शिक्षणाच्या ओळीत 'पदवीवरील नाव: मेघना सुरेश पाटील' असं लिहा, पहिल्या नोकरीपुढेही तेच. डिग्री बदलायच्या मागे लागू नका, ती त्या वेळच्या नावानेच राहते.

अण्णा_कोल्हापूर: एवढं काही लागत नाही. स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट करायचं, 'दोन्ही नावं माझीच', नोटरीचा शिक्का, झालं. माझ्या बहिणीचं एका बँकेत त्यावरच झालं.

अभिजित (एचआर, पुणे): अण्णा, बँकेने चालवून घेतलं असेल, पण ते शेवटी आपणच आपल्याबद्दल लिहून दिलेलं असतं ना. आधार, पॅनला फक्त त्यावर भागत नाही. मॅरेज सर्टिफिकेट लागतं, आणि तिथेही एक गोम आहे, आपल्याकडच्या सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा बायकोचं लग्नाआधीचंच नाव असतं, 'मेघना राहुल चव्हाण' असं कुठे छापलेलंच नसतं. आडनाव नवऱ्याशी जुळतंय म्हणून बऱ्याच ठिकाणी मान्य होतं. एखादा अडून बसला तर राजपत्र, कारण त्यात जुनं आणि नवं नाव एकाच नोंदीत येतं.

वंदना_ताई: माझं तर पहिलं नावसुद्धा सासरी बदललं, मग मॅरेज सर्टिफिकेट दाखवून कोणी ऐकेचना, ही बाई तीच कशावरून म्हणायचे. राजपत्रात दिलं तेव्हा कुठे सुटलं. आणि मेघना, जातीच्या दाखल्याचं काय केलंस? नॉन क्रीमिलेअर वडिलांकडच्याच उत्पन्नावर निघतं, नवऱ्याच्या नाही.

मेघना_क: ताई, ही खासगी नोकरी आहे, दाखला नाही मागितलेला. पण पहिलं नाव तेच आहे म्हणजे माझं सर्टिफिकेटवर चालेल बहुतेक. अभिजित, पीएफचं?

अभिजित (एचआर, पुणे): तेच पहिलं उरका, कारण नवीन कंपनी तुमचाच यूएएन वापरणार आणि तिथलं नाव आधारशी जुळावं लागतं. ऑनलाइन जॉइंट डिक्लेरेशन टाका, मॅरेज सर्टिफिकेट जोडा. पॅनची करेक्शन सोबतच टाका, नंबर तोच राहतो. आणि ऑफर लेटर कुठल्या नावाने निघतंय ते आजच एचआरला फोन करून विचारा, पगाराच्या सिस्टीममध्ये एकदा एक नाव गेलं की नंतर बदलायला महिने जातात.

स्वाती_नाशिक: हे सगळं ठीक, पण सीव्हीवर दोन नावं लिहायला माझा ठाम विरोध आहे. दोन आडनावं दिसली की लग्न झालंय हे मुलाखतीआधीच कळतं आणि मग मुलं आहेत का, शिफ्ट जमेल का हे सुरू होतं. मैत्रिणीला दोन ठिकाणी हेच विचारलं. नवऱ्यांच्या सीव्हीवर असलं काही लिहावं लागतं का?

अभिजित (एचआर, पुणे): हा मुद्दा मान्य आहे, असं होतं आणि ते चुकीचंच आहे. मग सीव्हीवर एकच नाव ठेवा आणि जुनं नाव व्हेरिफिकेशन फॉर्मच्या 'इतर नाव' या रकान्यात द्या, तिथे मात्र लपवू नका, रिकामा सोडला तर माहिती दडवली असा अर्थ निघतो. तरी माझं मत असं की सीव्हीवर एक ओळ असली तर मधला घोळ वाचतो.

स्वाती_नाशिक: घोळ तुमचा वाचतो, किंमत ती मोजते. मला नाही पटत.

मेघना_क: माझी तर ऑफर आलीच आहे, त्यामुळे सीव्ही राहू दे तसाच. फॉर्ममध्ये दोन्ही नावं लिहिली, मॅरेज सर्टिफिकेट जोडलं. पण सर्टिफिकेटवर राहुलचं मधलं नाव 'विजय' आहे आणि त्याच्या आधारवर 'विजयराव', याने अडेल का कोणी?