लैंगिक तक्रारीसाठी ऑनलाइन डॉक्टर: गुपित राहतं का?

घाटावरचा: वय ४४. गेले काही महिने ताठरता टिकत नाही. गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर चुलत्याचा दोस्त आहे, त्यामुळे तिथे तोंड उघडवत नाही. ऑनलाइन दाखवलं तर गुपित राहील का, आणि तेवढ्यावर भागेल का?

बाळासाहेब: बिनधास्त दाखवा. मी खोटं नाव टाकलं, कॅमेरा बंद ठेवला, दहा मिनिटांत गोळ्यांची चिठ्ठी आली. कोणाला कळतंय?

औषधवाला: बाळासाहेब, गप्प बसा हो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत निनावी सल्ला बसतच नाही, पेशंटचं नाव-वय डॉक्टरला लागतं आणि डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर तुम्हाला दिसायला हवा, तो दिसत नसेल तर फोन ठेवून द्या. एक गिऱ्हाईक असल्याच चिठ्ठीवर ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल मागायला आलं, खिशात छातीत दुखण्यावरच्या सॉर्बिट्रेटची पट्टी! दोन्ही एकत्र घेतली की बीपी धाडकन खाली येतं, माणूस जाऊ शकतो. ऑनलाइन कोणी विचारलं नव्हतं आणि यानेही सांगितलं नव्हतं. दादा, सकाळी उठताना ताठरता येते का? शुगर कधी बघितली होती?

मीनल: मला पण खाली खाज होती, ऑनलाइन डॉक्टरांनी फंगल म्हणून गोळी दिली, महिनाभर गेला नाही त्रास. शेवटी तपासणी करूनच कळलं की कारण वेगळं होतं. आणि गुपिताचं म्हणाल तर अपॉइंटमेंटचा मेसेज आला तेव्हा मोबाईल सासूबाईंच्या हातात 😐

घाटावरचा: सकाळी पण नाही येत आता. शुगर दोन-तीन वर्षांत नाही बघितली, वडलांना डायबेटिस होता. जिना चढताना दम लागतो पण ते वजनामुळे असेल.

औषधवाला: वजनावर ढकलू नका. नुसतं टेन्शन असतं तर सकाळची बहुतेक टिकून असते, तीही गेली म्हणजे शुगर, रक्तवाहिन्या, हार्मोन बघायला हवेत, आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हृदयाच्या आधी कुरकुरतात. व्हिडिओवर सगळं मोकळं बोला, दम लागतो हे पहिलं सांगा, छातीत दुखलं तर ऑनलाइनची वाट बघू नका. पण बीपी, ईसीजी फोनवर होत नाही. एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल गावातल्या लॅबमध्ये बिनधास्त करा, चाळिशीतला माणूस शुगर तपासतोय यात कंपाउंडरला काय वास येणार? टेस्टोस्टेरॉनचं रक्त तेवढं सकाळीच द्या, तेही शेजारच्या शहरात.

बाळासाहेब: म्हणजे शेवटी दवाखान्यात जायचंच ना, मग ऑनलाइनचे पैसे कशाला?

औषधवाला: बोलायला. समोर बसून निम्मे लोक अर्धंच सांगतात.

मीनल: हे मात्र खरंय. पण त्या ॲपवाल्यांकडे आपलं सगळं बोलणं साठवलेलं राहतं त्याचं काय? डॉक्टर गुप्तता पाळतील, मधली कंपनी?

घाटावरचा: आणि बायकोला सांगायचं का आधी?