मदत हवी: कानात लसणाचं तेल घातल्यावर मुलगी किंचाळली. आता कांद्याचा रस घालू का? किती थेंब?

सिडकोकर_आई, रविवार, सायं. ६.४०
लवकर सांगा प्लीज. लेकीचा कान दुखत होता म्हणून सासूबाईंनी काल रात्री लसूण कडकडवून कोमट तेल घातलं. तासाभरात दुखणं गायब, शांत झोपली. आज दुपारी परत थोडं ठणकलं म्हणून पुन्हा घातलं तर किंचाळली. लसूण जास्त झाला का? सासूबाई म्हणतात कांद्याचा रस सौम्य असतो. किती थेंब घालायचे, गाळून की तसाच? रविवार आहे, आमचे डॉक्टर बंद आहेत.

निफाडचा_गडी, ६.४८
ताई, लाल कांदा घ्या, पांढरा नको. चुलीत भाजून पिळायचा. माझा कान असाच बसला होता, आईने तीन दिवस रस घातला, चौथ्या दिवशी एवढा मोठा मळाचा गोळा निघाला. तसंही आमच्याकडे कांद्याला भाव नाही, कानात तरी घाला.

ओपीडीतली_ताई, ६.५५
थांबा, काहीच घालू नका. आधी सांगा: वय किती? सर्दी होती का? कानातून काही आलं का, म्हणजे उशीवर, फ्रॉकवर? आणि किंचाळल्यावर पुढे काय झालं?

सिडकोकर_आई, ७.०२
वय ९. सर्दी चार दिवसांपासून आहे, त्याचा काय संबंध? हो, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळसर डाग होता, कडेला थोडं लाल. सासूबाई म्हणाल्या औषध लागू पडलं, घाण बाहेर आली. दुपारी तेल घातल्यावर तिला गरगरलं, एकदा उलटी झाली. आणि गंमत म्हणजे म्हणाली, "आई, घशात लसूण लागतोय." आम्हाला वाटलं, वासामुळे वाटत असेल.

ओपीडीतली_ताई, ७.१५
वासामुळे नाही. तेल खरंच घशात गेलं. मी नाककानघशाच्या ओपीडीत अकरा वर्षं काम करते, ही तक्रार ऐकली की डॉक्टर दुर्बीण हातात घ्यायच्या आधीच आम्ही समजतो.
कानाच्या बाहेरच्या नळीच्या टोकाला पडदा असतो. त्याच्या पलीकडे हवा भरलेली छोटीशी खोली असते आणि तिची एक नळी नाकामागे, घशात उघडते. सर्दीत ती नळी सुजून बंद होते, खोलीत पू साठतो, पडद्यावर दाब येतो. काल रात्रीचं दुखणं ते. मग पडद्याला भोक पडलं, पू बाहेर आला, दाब उतरला, मुलगी झोपली. आपल्याकडे ज्याला कान फुटला म्हणतात तो हाच. श्रेय तेलाला मिळालं, कारण ते तासभर आधी घातलं होतं.
दुपारी मात्र भोक उघडं होतं. तेल आतल्या खोलीत उतरलं आणि तिथून घशात. त्या खोलीच्या आतल्या भिंतीवर पातळ पडद्याच्या दोन खिडक्या असतात, त्यांच्यामागे ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र. तेल अंगापेक्षा गरम किंवा गार असलं की गरगरतं आणि उलटी होते.

वनौषधी_प्रेमी, ७.२३
उगाच घाबरवू नका. लसूण जंतुनाशक आहे हे सिद्ध झालंय. इस्रायलमध्ये कान दुखणाऱ्या मुलांना लसूण असलेले वनस्पतींचे थेंब दिले, बधिर करणाऱ्या थेंबांइतकाच आराम पडला. आणि आयुर्वेदात कर्णपूरण आहेच की.

ओपीडीतली_ताई, ७.३१
तो अभ्यास खरा आहे. पण ते तयार थेंब होते, मुलांचे कान आधी डॉक्टरांनी तपासले होते, आणि मोजलं होतं ते दुखणं. पू गेला का, हा प्रश्न वेगळा. पडदा शाबूत असेल तर तेल पलीकडच्या पुवापर्यंत पोचतच नाही, फाटलेला असेल तर ते पोचायलाच नको. कढईतलं तेल निर्जंतुक नसतं. ठेचलेल्या लसणाने हाताची कातडीसुद्धा भाजते, आतलं अस्तर तर कितीतरी नाजूक. कांदा सौम्य म्हणता, तर चिरताना डोळ्यांचं काय होतं ते आठवा. तोच रस तिथे जाणार.

पंचवटी_वैद्य, ७.३६
कर्णपूरणाचं नाव निघालं म्हणून. वाहत्या कानात कर्णपूरण करत नाहीत, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात. मी आधी कानात बघतो, पडदा दिसला नाही तर तेल घालत नाही. बाकी कोरड्या कानाला तेल चालतं यावर माझं ताईंशी जमणार नाही.

वनौषधी_प्रेमी, ७.३९
आमच्या चार पिढ्यांनी घातलं, कोणी बहिरं झालं नाही.

निफाडचा_गडी, ७.४१
माझे आजोबा बहिरे होते. पण ते ट्रॅक्टरमुळे असेल.

नाशिकरोड_पंक्या, ७.४४
घरात मागच्या वर्षीचे कानाचे थेंब असतील तर ते घाला, मेडिकलवाला देतोच.

ओपीडीतली_ताई, ७.५०
अजिबात नको. जुन्या थेंबांमध्ये जेंटामायसिन किंवा निओमायसिन असू शकतं. ती औषधं भोकातून आत गेली तर ऐकणं कायमचं कमी होऊ शकतं. फुटलेल्या कानासाठी वेगळे थेंब असतात, ते डॉक्टर बघून देतील.
आज रात्री इतकंच: कानात काही नाही, कापूसही आत खुपसायचा नाही, बाहेर आलेलं फक्त पुसा. नाक जोरात शिंकरू देऊ नका. दुखलं तर पॅरासिटामॉल. वजन किती?

सिडकोकर_आई, ७.५३
२५ किलो. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलंय.

ओपीडीतली_ताई, ७.५८
किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३७५. साडेसात मिली होतात. पुन्हा लागलं तर सहा तासांनी. आज आधी दिलं असेल तर वेळ बघा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तोंड वाकडं वाटलं, चक्कर थांबेना, उलट्या चालूच राहिल्या किंवा मुलगी सुस्त झाली, तर सकाळची वाट बघू नका. सिव्हिलला नाहीतर जवळच्या मोठ्या इस्पितळात आत्ता जा. नाहीतर उद्या सकाळी पहिल्या नंबराने.

गंगापूररोड_आजोबा, ८.२०
माझ्या श्रवणयंत्रातून शिट्टी येते. त्याला तेल चालेल का?

सिडकोकर_आई, सोमवार, दुपारी १.१०
जाऊन आलो. रात्री चक्कर थांबली होती. डॉक्टरांनी आधी नळीने तेल ओढून काढलं, म्हणाले, तेलाची तकाकी असली की पडदा नीट दिसत नाही. खालच्या बाजूला बारीक भोक आहे. ऑफ्लॉक्सासिनचे थेंब आणि पोटात घ्यायचं औषध दिलं. थेंब मुठीत धरून कोमट करायला सांगितले, गार घातले तरी गरगरतं म्हणे. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी. पोहण्याचा क्लास बंद. बहुतेक अशी भोकं आपोआप भरतात, काही आठवडे लागतात, तीन आठवड्यांनी ऐकण्याची तपासणी करायची. आत्ता त्या कानाने कमी ऐकू येतंय. ते पुवामुळे की तेलामुळे, विचारलं तर म्हणाले आज सांगता येणार नाही.
सासूबाई गप्प आहेत. पण लसणाच्या तेलाची वाटी अजून ओट्यावर झाकून ठेवलीय, मी टाकायला गेले तर म्हणाल्या, गुडघ्याला लावेन.

निफाडचा_गडी, १.२५
गुडघ्याला चालतं ताई. तेवढं राहू द्या.