प्रतिसाद: सीयूएफचा भागाकार कशाने करता?

> "माझ्या छतावरच्या सोलरचा सीयूएफ १६ टक्के, आणि १० मेगावॉटच्या प्रकल्पाचा २४. माझं काही बिघडलंय का?"

बहुधा नाही. सीयूएफ म्हणजे प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर जेवढी वीज निघाली असती, तिच्या किती टक्के प्रत्यक्षात निघाली तो आकडा. तुम्ही भागाकार पॅनेलच्या क्षमतेने केलाय, त्यांनी पॅनेलची डीसी वीज एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या.

तुमचे ५४० वॉटचे १० पॅनेल, म्हणजे ५.४ किलोवॉट. वर्षाचे ७,५६० युनिट भागिले (५.४ × ८,७६० तास), बरोबर १६ टक्के. मोठ्या प्रकल्पात '१० मेगावॉट' हा सहसा एसी, म्हणजे इन्व्हर्टरचा आकडा असतो, मागे पॅनेल जास्त असतात. समजा १४ मेगावॉट आहेत. वर्षाला २.१ कोटी युनिट निघाले तर १० ने भागून सीयूएफ २४ येतो, १४ ने भागला की १७.१. भर दुपारी इन्व्हर्टर १० वर अडतो आणि वरची वीज वाया जाते, पण सकाळ-संध्याकाळी तो जास्त भरलेला राहतो, म्हणून हा खेळ परवडतो.

त्यापेक्षा पॅनेलच्या प्रत्येक किलोवॉटमागे वर्षाचे युनिट काढा. तुमचे १,४००, त्यांचे १,५००. फरक उरला सात टक्क्यांचा, आणि तो धूळ, पाण्याच्या टाकीची सावली किंवा पॅनेलचा कल एवढ्यानेही पडू शकतो. त्यांच्याकडे पॅनेल सूर्यामागे फिरवणारा ट्रॅकर असेल तर तेवढंही मनावर घेऊ नका.

मात्र या आकड्यात ऊन किती पडलं ते धरलेलं नसतं. जैसलमेर आणि महाबळेश्वर यांची तुलना त्यावर करू नका. तिथे पडलेल्या उन्हाच्या मानाने वीज किती निघाली ते सांगणारा परफॉर्मन्स रेशो लागतो. आणि वर्ष पूर्ण घ्या. नुसत्या मार्च ते मेच्या युनिटांवरून काढलेला आकडा कुणाचाही देखणाच दिसतो.