अनोळखी अधिकारी, ज्येष्ठ आणि सहकारी : औपचारिक पत्राचा मायना काय असावा?

पंचवटीकर :
नमस्कार. पंचवटीतील एका सार्वजनिक वाचनालयात मी कार्यालयीन काम पाहतो. या आठवड्यात तीन पत्रे जायची आहेत. पहिले जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आहे. तेथे नुकतीच बदली झाल्याचे कळते, पण नवे अधिकारी कोण, पुरुष की स्त्री, हे आम्हाला ठाऊक नाही. दुसरे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना आहे. ते निवृत्त प्राध्यापक असून वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे आहेत. तिसरे नाशिकरोडच्या एका वाचनालयातील ग्रंथपाल बाईंना, ज्यांच्याशी माझी कामापुरती ओळख आहे. आमचे कार्यवाह म्हणतात की तिन्ही पत्रांत 'स. न. वि. वि.' लिहावे, तर संगणकावर टंकलेखन करणारा मुलगा सर्वत्र 'प्रिय महोदय' टाकतो. योग्य काय?

सातपूरकर :
मी एका खाजगी कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे आणि आमच्याकडे रोज डझनावारी पत्रे येतात. मायना कोणीही वाचत नाही, वाचला जातो तो विषय. तेव्हा 'प्रिय महोदय' हा एकच मायना ठरवून टाकावा. तो अनोळखी माणसालाही चालतो आणि ओळखीच्यालाही. 'स. न. वि. वि.' आजच्या तरुण अधिकाऱ्याला उलगडणारसुद्धा नाही.

आवकजावक :
सरकारी कार्यालयात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यातली बरीच टपालाच्या टेबलावर, म्हणून लिहितो. विषयाला महत्त्व आहे हे सातपूरकरांचे म्हणणे खरे आहे. आवक लिपिक 'प्रति' आणि 'विषय' या दोन ओळी पाहतो, शिक्का मारून क्रमांक घालतो आणि पत्र कोणत्या कार्यासनाकडे जाणार ते ठरते. पण 'प्रिय महोदय' सर्वत्र चालतो, हे मात्र मला मान्य नाही. सरकारी वळणात 'प्रिय' हा नावासोबत येतो, 'प्रिय श्री. अमुक' असा, आणि तोही अर्धशासकीय पत्रात, म्हणजे एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याचे व्यक्तिशः लक्ष वेधण्यासाठी लिहिलेल्या पत्रात. अशा पत्राचा शेवटही 'आपला स्नेहांकित' असा होतो. बाहेरच्या संस्थेने पदाला लिहिलेल्या पत्रात नुसते 'महोदय' आणि खाली 'आपला विश्वासू' एवढेच असते. वर 'प्रिय' आणि खाली 'विश्वासू' अशी जोडी जमवली, तर पत्र ना इकडचे राहते ना तिकडचे.

पंचवटीकरांनी एक गोष्ट सांगितलेली नाही आणि माझ्या मते सारा प्रश्न तिच्यावर अडला आहे : पत्राखाली सही कोणाची? मायन्यातले नाते सही करणारा आणि पत्र घेणारा या दोघांमधले असते. मसुदा लिहिणाऱ्याचे वय, त्याची ओळख, त्याचा आदर यांचा त्यात संबंध येत नाही. अध्यक्ष तुमच्या वडिलांपेक्षा मोठे असतील, पण पत्रावर कार्यवाहांची सही असेल आणि कार्यवाह अध्यक्षांच्याच वयाचे असतील, तर तुमचा साष्टांग नमस्कार तेथे कार्यवाहांच्या नावावर जमा होईल.

पहिल्या पत्राबाबत मनात शंका ठेवू नये. 'प्रति, मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, नाशिक' असे पदालाच लिहावे. बदली व्यक्तीची होते, पद तेथेच राहते. जुन्या अधिकाऱ्याच्या नावाने पाकीट गेले, तर ते खाजगी समजून न फोडताच त्यांच्या नव्या ठिकाणी पाठवले जाण्याचा धोका असतो, आणि तुमचा अनुदानाचा कागद पंधरा दिवस तिकडेच फिरतो. पत्र गेल्यावर आवक क्रमांक विचारून घ्यावा. क्रमांक मिळत नसेल, तर पत्र वाटेत कोठेतरी अडकले आहे असे समजावे. आणखी एक, 'मा. श्री. जिल्हा ग्रंथालय अधिकारी साहेब' असे लिहू नये. 'श्री.' नावाला लागतो, पदाला नाही, आणि 'साहेब' तोंडी शोभतो.

जुने वळण :
सगळे 'महोदय, महोदय' म्हणून पत्राची शोभा घालवत आहेत. आमच्या घरी वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', बरोबरीच्याला 'सप्रेम नमस्कार' अशी पायरी पाहून लेखणी उचलली जात असे. कार्यवाहांना मायने अर्धेच ठाऊक दिसतात. 'स. न. वि. वि.' हा सप्रेम नमस्कार आहे आणि तो समवयस्काला शोभतो. ज्येष्ठाला 'सा. न. वि. वि.' लिहावे, त्यात साष्टांग आहे. निवृत्त प्राध्यापक असलेल्या अध्यक्षांना 'सप्रेम' लिहिणे हा अगोचरपणा झाला. पाकिटावर 'राजमान्य राजश्री' घातले, तर त्यांना आनंदच होईल.

आवकजावक :
स आणि सा यांतला फरक आपण अचूक सांगितलात, आणि तो आज निम्म्या निमंत्रणपत्रिकांत चुकतो. पण प्रश्न घरच्या पत्राचा नाही. हे कागद वाचनालयाच्या दप्तरात लागतात आणि लेखापरीक्षकापुढे जातात. शिवाय आपल्याच तर्काने पाहिले, तर सही कार्यवाहांची असेल आणि ते अध्यक्षांचे समवयस्क असतील, तेव्हा 'स. न. वि. वि.' बरोबर ठरते.

सुमती ना. :
मी स्वतः एका निमसरकारी कार्यालयात अधिकारी होते, म्हणून पहिल्या पत्राविषयी माझा अनुभव सांगते. दारावर माझ्या नावाची पाटी असूनही येणाऱ्या बहुतेक पत्रांत 'महोदय' असे. ते मी पदाला उद्देशून आहे असे समजून घेत असे आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. राग येई तो 'महोदय / महोदया' हे दोन्ही तसेच ठेवून, खाली 'श्रीमती' असे माझे नाव घालून आलेल्या पत्राचा. छापील नमुन्यात तिरकी रेघ असते ती नको ते खोडण्यासाठी. नाव माहीत असून खोडले नाही, याचा अर्थ लिहिणाऱ्याने नमुना भरला, पत्र लिहिले नाही. तेव्हा माहीत नसेल तर 'महोदय', आणि माहीत झाले की जे असेल ते एकच लिहावे, असे मला वाटते.

गोदाकाठ :
सुमतीताई, आपल्याला वाईट वाटले नाही म्हणून ते योग्य होते, असे म्हणता येणार नाही. अधिकारी पुरुषच असणार, असे गृहीत धरून 'महोदय' रूढ झाला आहे आणि आपण त्यालाच 'पदाला उद्देशून' असे सोवळे नाव देत आहोत. ठाऊक नसेल तर तिरकी रेघ ठेवणे हाच प्रामाणिकपणा आहे. त्याहून सोपे म्हणजे कार्यालयात फोन करून 'सध्या कोण आहेत' एवढे विचारावे. एक फोन करण्याचा आळस म्हणून एवढा मोठा वाद घालायचा?

आवकजावक :
फोन जरूर करावा, पण मिळालेले नाव 'प्रति'मध्ये घालू नये. ते फक्त महोदय की महोदया हे ठरवण्यापुरते वापरावे. आणि फोन लागलाच नाही, तर तिसरा मार्गही आहे. मायना सोडून द्यावा आणि विषय व संदर्भ यांनंतर थेट 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात करावी. ज्ञापनात आणि आदेशात मायना नसतोच. मात्र ती दोन्ही वरून खाली येतात, संस्थेचे पत्र खालून वर जाते, म्हणून मायन्याशिवाय ते जरा रुक्ष वाटते, एवढा तोटा आहे.

सातपूरकर :
म्हणजे शेवटी मायना नसला तरी चालतो, हे माझेच म्हणणे झाले. राष्ट्रपतींनासुद्धा 'महामहिम' नको झाले. 2012 मध्ये प्रणव मुखर्जी यांच्या काळात तो मान वापरातून मागे घेतला गेला आणि 'माननीय' राहिले. आपण मात्र अजून साष्टांगात अडकलो आहोत.

आवकजावक :
तेथे विशेषण कमी झाले, संबोधन गेले नाही. 'माननीय' राहिलेच ना? 'प्रति'मध्ये पदापूर्वी एकदा 'मा.' आला की पुरे. पुन्हा 'माननीय महोदय', मग मजकुरात 'आदरणीय साहेबांनी' अशी भर घालू नये, या मर्यादेपर्यंत मी आपल्या बाजूचा आहे.

पंचवटीकर :
सर्वांचे आभार. पहिल्या दोन पत्रांवर कार्यवाहांची सही आहे. अध्यक्षांना लिहायचे ते वार्षिक अहवालावर स्वाक्षरी करण्यापूर्वी कार्यकारी मंडळाच्या सभेची तारीख द्यावी, यासाठी. कार्यवाह अध्यक्षांचेच विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यापेक्षा बरेच लहान आहेत, हे मी लिहायचे राहून गेले. तिसरे पत्र मात्र मीच माझ्या सहीने देणार आहे. नियतकालिकांचे काही जुने अंक झेरॉक्ससाठी हवे आहेत. पहिल्या पत्राचा मसुदा असा केला आहे :

प्रति,
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, नाशिक.
महोदय / महोदया,
विषय : वार्षिक अहवाल सादर करण्याबाबत.
आपणांस सादर कळविण्यात येते की, ...

आवकजावक :
मायना विषयाच्या आधी आला आहे, तो खाली घ्यावा. आधी विषय, मग संदर्भ असल्यास संदर्भ, त्यानंतर 'महोदय' आणि मग मजकूर. 'कळविण्यात येते' हे वरच्या कार्यालयाने खालच्याला लिहायचे वळण आहे. संस्थेने 'अहवाल यासोबत सादर करीत आहोत' असे साधे लिहावे. मायना नम्र आणि पहिलेच वाक्य हुकमी, हे बरेच वेळा होते आणि वाचणाऱ्याला ते लगेच खटकते.

तिसऱ्या पत्राआधी त्या वाचनालयाची पद्धत विचारून घ्यावी. अंक देण्याचा अधिकार तेथील कार्यवाहांचा असेल, तर पत्र संस्थेकडून संस्थेला, कार्यवाहांच्या सहीने जाईल आणि मायना 'महोदय' होईल. ग्रंथपाल बाई स्वतः देऊ शकत असतील, तर 'श्रीमती' आणि आडनाव, खाली 'सप्रेम नमस्कार' पुरेसा आहे. 'सौ.' लिहू नये. त्या विवाहित आहेत की नाहीत याच्याशी जुन्या अंकांचा काही संबंध नाही.

सुमती ना. :
कामापुरती ओळख असलेल्या पुरुषाकडून 'सप्रेम' आलेले मला तरी जरा अवघडच वाटले असते. नुसते 'नमस्कार' लिहावे.

जुने वळण :
'सप्रेम' हा मायन्यातला ठरलेला शब्द आहे, त्यात अवघडण्यासारखे काय? आणि गुरूला शिष्याने 'महोदय' लिहायचे? कार्यवाहांनी 'आदरणीय सर, सा. न. वि. वि.' असेच लिहिले पाहिजे.

गोदाकाठ :
ते पत्र दप्तरात लागणार आहे. उद्या अध्यक्ष बदलले आणि कोणी जुनी फाइल चाळली, तर सभेची तारीख मागणारे पत्र गुरुदक्षिणेसारखे वाचावे लागेल. 'मा. अध्यक्ष' आणि 'महोदय' यातही पुरेसा आदर आहे.

आवकजावक :
येथे माझेही मत पक्के नाही. सभा बोलावण्याचे पत्र पदाला आहे, म्हणून मी 'महोदय'च लिहिले असते. पण लहान संस्थेत अध्यक्षांना सगळे 'सर' म्हणत असतील आणि कार्यवाहांनी 'आदरणीय सर' लिहिले, तर लेखापरीक्षक हरकत घेणार नाही. त्याला तारीख, विषय आणि जावक क्रमांक हवा असतो. मसुदा कार्यवाहांपुढे ठेवताना मायन्याची जागा कोरी ठेवावी आणि ती त्यांनाच भरू द्यावी.