मदत हवी आहे: इंटरॅक्शनसाठी सॅम्पल मोठं का लागतं, हे सिनॉप्सिसमध्ये कसं मांडू?

पामबीच_पीजी (नेरुळ)
कम्युनिटी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. रक्तदाबाच्या पेशंटना गोळ्यांची आठवण करून देणारा फोन दर आठवड्याला केला, तर सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब किती उतरतो, हा विषय. ५ मिमीचा फरक पकडायचा, स्टँडर्ड डेव्हिएशन १५, पॉवर ८० टक्के. प्रत्येक गटात १४३, एकूण २८६.

दुसरं उद्दिष्ट लिहिलंय की फोनचा परिणाम बायकांत आणि पुरुषांत वेगळा आहे का. कमिटीने त्यावरच बोट ठेवलं: "याला २८६ कसे पुरतील?" मी G*Power मध्ये इंटरॅक्शन निवडून बघितलं तर जवळजवळ तोच आकडा आला. गाईड म्हणतात, तेच लिहून दे. पण मला पटत नाहीये. सोमवारी उत्तर द्यायचंय.

साधीमाणसं
सोपं आहे. बायकांसाठी २८६ आणि पुरुषांसाठी २८६ घ्या, म्हणजे दुप्पट. दोन्हीकडे वेगवेगळी टेस्ट करा. एकीकडे p ०.०५ च्या खाली आणि दुसरीकडे वर आला की परिणाम वेगळा.

रबाळे_क्वालिटी
आमच्याकडे भट्टीचं तापमान आणि वेळ अशा चार जोड्यांवर ट्रायल घेतो. त्याच रनमधून मेन इफेक्टही मिळतो आणि इंटरॅक्शनही, सॉफ्टवेअर दोघांची स्टँडर्ड एरर सारखीच दाखवतं. मग सॅम्पल मोठं कशाला? G*Power बरोबरच सांगतंय.

खोपटचा_आकडेमोड्या
ताई, तुमची शंका रास्त आहे. एकदा कागदावर करून बघा.

२८६ जणांत फोनवाले १४३, बिनफोनचे १४३. या फरकाची स्टँडर्ड एरर साधारण १.८ मिमी. आता निम्म्या बायका धरल्या, तर त्यांच्यात जेमतेम ७१ विरुद्ध ७१, एरर २.५. पुरुषांतही २.५. इंटरॅक्शन म्हणजे या दोन फरकांमधला फरक. वजाबाकी केली तरी अनिश्चितता वजा होत नाही, तिची भर पडते, म्हणून एरर ३.५ च्या थोडी वर जाते. मेन इफेक्टच्या दुप्पट. एरर निम्मी करायला माणसं चौपट लागतात, म्हणून तेवढाच ५ मिमीचा फरक पकडायला ११४४. २८६ मध्ये त्याची पॉवर २९ टक्क्यांच्या आसपास राहते.

खरी मेख G*Power मध्ये आहे. तिथे परिणामाचा आकार म्हणून तुम्ही दोन्हीकडे एकच f भरला असणार. पण इंटरॅक्शनसाठी तोच f म्हणजे दोन फरकांमधलं अंतर १० मिमी: फोनने बायकांचा रक्तदाब १० ने उतरतो आणि पुरुषांचा अजिबात नाही. असं तुम्हाला खरंच वाटतं का? बायकांत ७.५ आणि पुरुषांत २.५ असं असेल, तर अंतर ५, आणि f निम्मा भरायला हवा. तसा भरा, आकडा चौपटीच्या आसपास येईल. अंतर २.५ असेल, तर सोळापट.

रबाळेकर, तुमचंही चुकलेलं नाही. तुमच्याकडे त्या अंतराचं निम्मं घेऊन त्याला इंटरॅक्शन म्हणतात. एरर निम्मी दिसते, पण शोधायची गोष्टही निम्मी होते. मोजपट्टी बदलली म्हणून माणसं कमी लागत नाहीत.

आणि साधीमाणसं, दुप्पट घेतलं तर प्रत्येक गटात फोन चालतो का ते कळेल, दोघांत फरक आहे का ते नाही. समजा २८६ मध्येच बायकांत ५.५ आणि पुरुषांत ३ उतरला. एरर २.५ असल्याने पहिला 'सिग्निफिकंट', दुसरा नाही. अंतर मात्र २.५ आणि त्याची एरर ३.५. यातून काहीच सिद्ध होत नाही.

पामबीच_पीजी
f तोच भरला होता, खरंय! आता निम्मा भरून बघितला, अकराशेच्या वर गेला. पण आमच्या सकाळच्या ओपीडीत पुरुष तीसच टक्के येतात. निम्मे-निम्मे कसे धरू?

खोपटचा_आकडेमोड्या
धरू नका. ७०-३० असेल तर ११४४ चे सुमारे १३६० होतात, कारण लहान गटाची एरर वाढते. पुरुषांसाठी संध्याकाळची ओपीडी जोडता येते का बघा.

पामबीच_पीजी
एवढे पेशंट दीड वर्षात शक्य नाहीत. म्हणून असं लिहितेय: "नमुना संख्या मुख्य उद्दिष्टासाठी ठरवली आहे. परिणाम स्त्री-पुरुषांत वेगळा आहे का, हे आधीच ठरवलेल्या एकाच इंटरॅक्शन टेस्टने तपासू आणि अंतराचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल देऊ. गट समान असते तरी तो अंदाजापासून दोन्ही बाजूंना ७ मिमीपर्यंत पसरला असता. आमच्या ७०-३० प्रमाणात त्याहून रुंद असेल. म्हणून टेस्ट सिग्निफिकंट आली नाही, तर परिणाम समान आहे असा निष्कर्ष काढणार नाही."

साधीमाणसं
माझं दुप्पटचं गणित मागे घेतो. पण गाईड हे उद्दिष्ट दुय्यम करू देतील?

पामबीच_पीजी
उद्या दाखवणार आहे. ते म्हणतात, उद्दिष्ट काढलंस तर प्रबंधात उरलं काय.