अनुभव धागा: चर्चासत्राला प्रायोजक मागताना कंपनीला काय दाखवलंत?

दिंडोरीचा बागायतदार
गोडी छाटणीच्या आधी, ऑगस्टअखेर आमचा गट दरवर्षी द्राक्ष चर्चासत्र घेतो. सव्वाचारशेच्या आसपास शेतकरी येतात. मंडप, जेवण, माईक, तज्ज्ञांचं येणं-जाणं मिळून १ लाख ८० हजार खर्च होतो. गेल्या वर्षी जुलैत अकरा कंपन्यांना पत्रं दिली. पत्रात गटाची माहिती, आधीच्या कार्यक्रमांचे फोटो, 'आपले सहकार्य अपेक्षित' आणि शेवटी रक्कम. दोघांनी पाच-पाच हजार दिले, एकाने टोप्या आणि पिशव्या पाठवल्या. उरलेला खर्च सभासदांनी वाटून घेतला. ज्यांना खरोखर रक्कम मिळाली त्यांनी लिहा, कंपनीला तुमच्यात असं काय दिसलं?

माजी एरिया मॅनेजर, नाशिक
चौदा वर्षं विद्राव्य खतांच्या कंपनीत होतो. अशी पत्रं सीझनला आठवड्याला दोन-तीन यायची. सहकार्याचं पत्र आलं की ते देणगीच्या खात्यात जायचं, आणि त्या खात्यात माझ्या हातात वर्षाला दहा हजारही नसायचे. शेतकरी मेळाव्यांसाठी मात्र वेगळी तरतूद असायची आणि ती बरीच मोठी होती. म्हणजे दादा, तुमचा कार्यक्रम तोच, फक्त पत्रामुळे तो चुकीच्या खात्यात पडतो.

मेळाव्याच्या खात्यातून पैसे काढायचे तर वरच्या ऑफिसला फॉर्म भरावा लागे. शेतकरी किती, एकर किती, पीक कुठल्या अवस्थेत, जवळचे विक्रेते कोण, आणि नंतर आमचा माणूस काय करणार. ही उत्तरं पत्रातच असली की मी ते तसंच पुढे पाठवायचो.

तुमचाच हिशोब मांडून दाखवतो. माझा स्वतःचा १०० शेतकऱ्यांचा मेळावा २५ ते ३० हजारांत पडायचा, आणि त्यातले बरेच जण नुसते जेवायला यायचे. तुम्ही ४२५ जणांसाठी ४० हजार मागितलेत तर माणशी १०० रुपयांच्याही आत. सरासरी अडीच एकर धरा, हजारावर एकर झाले. वीसातल्या एकाने आमचं खत वापरून पाहिलं तरी ५० एकर. एकरी हंगामाचा खर्च दहा हजार धरला तर पाच लाखांची विक्री. हा आकडा कंपनी तुमच्यासमोर मान्य करणार नाही, पण मनात हाच हिशोब चालू असतो.

आणि जुलै फार उशीर झाला. एप्रिलपासूनच्या वर्षाचं वाटप फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. जुलैत माझ्याकडे टोप्याच उरलेल्या असायच्या.

तासगावची ताई
साहेबांचं बरोबर आहे, पण एकराचा आकडा कुणीही लिहितो. आमचं काम झालं ते छाटणीच्या तारखेमुळे.

नावनोंदणीच्या कागदावर आम्ही गाव, क्षेत्र, वाण आणि यंदा छाटणी कुठल्या आठवड्यात धरणार एवढंच विचारतो. गोडी छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत डाउनीच्या भीतीने फवारण्यांवर पैसा जातो, विद्राव्य खतंही तेव्हाच सुरू होतात. कंपनीच्या पोराला कुठल्या गावात कुठल्या आठवड्यात पोचायचं हे कळलं की त्याची निम्मी पायपीट वाचते. मागच्या वर्षी ३८० नोंदी झाल्या. कागदाच्या खाली एक चौकोन होता, 'कंपनीच्या प्रतिनिधीने बागेवर आलेलं चालेल'. २१२ जणांनी खूण केली. तेवढेच नंबर दिले, बाकीचे मागूनही दिले नाहीत. तीन आठवड्यांनी त्या पोराकडून विचारून घेतलं, ६१ बागा झाल्या होत्या. मग दोन पानांचा अहवाल केला. स्टॉलवर किती थांबले, काय विचारलं, किती बागा झाल्या. यंदा जानेवारीत कंपनीचा फोन स्वतःहून आला.

एक चूक सांगते. पहिल्या वर्षी पत्रात '५०० शेतकरी' लिहिलं होतं. त्या सकाळी पाऊस पडला आणि १९० आले. कंपनीने ठरलेल्या रकमेतली निम्मी कापली, आणि मला काही बोलता आलं नाही. आता आदल्या वर्षीच्या सह्यांचा आकडा लिहिते, त्याहून एकही जास्त नाही.

सरपंच काका
एवढा खटाटोप कशाला? मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरमध्ये खर्च करावेच लागतात. त्यातून मागा आणि मंडपावर त्यांचा मोठा बॅनर लावा.

सीए, सांगली
काका, दोन टक्क्यांचं खरं आहे, ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना ते लागू आहे. पण बॅनर लावून, माल खपवण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट वगळलं आहे. एकाच पत्रात 'सामाजिक दायित्वातून द्या' आणि 'स्टॉल देतो' असं लिहिलंत तर त्यांचा हिशोबनीस दोन्ही बाजूंनी अडवेल.

बिलाचंही आधी ठरवा. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे. गट नोंदणीकृत संस्था असेल आणि घेणारी कंपनी असेल तर तो कर कंपनीनेच थेट भरायचा असतो. मात्र १६ जानेवारी २०२५ पासून आयोजक स्वतःच कंपनी असेल तर कर आयोजकाने बिलात लावायचा. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनीच धरली जाते, हे बऱ्याच गटांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे ४० हजार ठरवताना 'अधिक कर' हे शब्द लिहून घ्या, नाहीतर तुमच्या नोंदणीनुसार त्यातूनच कर भरायची वेळ येईल.

न्यू जर्सीहून
विषय थोडा वेगळा आहे, पण सांगतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाला वर्गणी मिळते, प्रायोजक मिळत नाहीत असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणायचो. मग घरं विकणाऱ्या एका बाईंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, पहिलं घर घेऊ पाहणारी तरुण कुटुंबं. आम्ही पाळणाघराचा कोपरा त्यांच्या नावाने केला, कारण लहान मुलांचे आईबाप तिथेच थांबतात. त्याच्या आदल्या वर्षी एकाच फलकावर अकरा नावं होती आणि एकही प्रायोजक परत आला नव्हता. या बाई तीन वर्षं येताहेत. तुम्ही वर्गणीचं पुस्तक काढता का तिकडे?

दिंडोरीचा बागायतदार
वर्गणी नाही हो, पण पाळणाघराची गोष्ट घेतली. आमच्याकडे तो कोपरा म्हणजे माती-पाणी तपासणीचा अहवाल वाचून दाखवणारं टेबल. शेतकरी तिथे अर्धा-अर्धा तास बसतो.

माझी अडचण दुसरीच आहे. एका कंपनीशी बोललो. ६० हजार द्यायला तयार आहे, पण तज्ज्ञांच्या भाषणाआधी अर्धा तास मंच हवा आणि दुसरी खत कंपनी मंडपात नको.

माजी एरिया मॅनेजर, नाशिक
खतात एकच कंपनी ही मागणी रास्त आहे, मीही करायचो. ठिबकवाला, बँक, विमा वेगळे ठेवा, त्यांच्याकडून वेगळी रक्कम घ्या. मंच दहा मिनिटं द्या.

तासगावची ताई
मंच अजिबात नको. एकदा दिला होता. लोकांनी तज्ज्ञालाही कंपनीचाच माणूस समजलं आणि दुपारच्या सत्राला निम्मा मंडप रिकामा झाला. रिकामा मंडप कंपनीच्याही उपयोगाचा नाही, हे मी त्यांना फोटो दाखवून पटवलं. ते टेबल त्यांच्या नावाने द्या.

दिंडोरीचा बागायतदार
टेबल देऊन पाहतो. पण गटातले तीन सभासद दुसऱ्या कंपनीचे विक्रेते आहेत, त्यांना मंडपाबाहेर कसं ठेवायचं ते सुचत नाही. ताई, नोंदणीच्या कागदाचा नमुना पाठवाल का? यंदा फेब्रुवारीतच जायचं आहे.